कोणता रकाना किती सांगतो?
टायटॅनिकच्या प्रवासी यादीतून समजून घेऊ सापेक्ष एन्ट्रॉपी आणि परस्पर माहिती

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे टायटॅनिक बुडाली आणि दीड हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या प्रवाशांची यादी आज भलत्याच कारणाने प्रसिद्ध आहे. संगणकाला अंदाज बांधायला शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांचा पहिला सराव बहुधा तिच्यावरच होतो. कॅगल या संकेतस्थळावर सरावासाठी दिलेल्या तक्त्यात ८९१ प्रवासी आहेत. प्रत्येकापुढे नाव, स्त्री की पुरुष, वय, प्रवासाचा वर्ग, तिकिटाची किंमत आणि चढण्याचं बंदर असे रकाने आहेत. शेवटी, तो वाचला की नाही.

बायकामुलांना आधी बोटीत बसवलं, श्रीमंतांचे डेक बोटींना जवळ होते, हे आपण ऐकलेलं असतं. म्हणजे ‘स्त्री की पुरुष’ हा रकाना महत्त्वाचा, ‘वर्ग’ही महत्त्वाचा. पण किती? एक दुसऱ्याच्या दुप्पट की पाचपट? बंदराचा काही संबंध आहे का? या ‘किती’चं उत्तर आकड्यात देता येतं. गंमत म्हणजे मॉडेल शिकताना ज्या मापाने त्याच्या चुका मोजतात, त्याच मापातून रकान्यांची किंमतही निघते.

न कळण्याचं माप

यादीतल्या एखाद्या प्रवाशाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही असं धरू. ८९१ पैकी ३४२ वाचले आणि ५४९ गेले, एवढाच हिशेब हाताशी आहे. म्हणजे वाचण्याची शक्यता ०.३८४ आणि जाण्याची ०.६१६.

बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली अशा अनिश्चिततेचं माप दिलं. एखाद्या गोष्टीची शक्यता p असेल, तर ती घडल्यावर मिळणारी माहिती log₂(1/p) बिट. नाणेफेकीत छापा पडला तर बरोबर १ बिट. घडणारच होती अशी गोष्ट घडली तर शून्य, आणि गोष्ट जितकी दुर्मीळ तितका आकडा मोठा. आपल्या यादीत ‘वाचला’ या बातमीचे १.३८ बिट होतात, ‘गेला’ या बातमीचे ०.७० बिट. दोन्ही बातम्या ज्या प्रमाणात येतात त्या प्रमाणात सरासरी काढली की ०.९६ बिट येतात. हीच एन्ट्रॉपी: काहीच माहीत नसताना दर प्रवाशामागे उरणारी अनिश्चितता. पुढचे सगळे आकडे या ०.९६ शी ताडून पाहायचे आहेत.

चुकीच्या अंदाजाचा भुर्दंड

आता समजा, कुणी यादीकडे न बघताच म्हणालं, “वाचायची शक्यता अर्धी, जायची अर्धी.” त्याच्या हिशेबाने प्रत्येक बातमीचा १ बिट होतो, म्हणून सरासरीही १ बिट. खऱ्या प्रमाणांवर चालणाऱ्याला ०.९६ मोजावे लागले, याला १. वरचे ०.०४ बिट हा चुकीच्या अंदाजाचा भुर्दंड.

या भुर्दंडालाच सापेक्ष एन्ट्रॉपी म्हणतात. सॉलोमन कुलबॅक आणि रिचर्ड लीबलर या दोन अमेरिकी गणितज्ञांनी १९५१ साली ती मांडली, म्हणून तिला ‘केएल डायव्हर्जन्स’ असंही नाव आहे. कुलबॅक १९३० पासून अमेरिकी लष्कराच्या सांकेतिक संदेश फोडणाऱ्या विभागात होते. आपल्यासमोरची अक्षरं एका गृहीतकातून आली असतील की दुसऱ्या, हा त्या धंद्यातला रोजचा प्रश्न.

खरी विभागणी P आणि आपला अंदाज Q असेल, तर हिशेब असा मांडतात:

H(P, Q) = H(P) + D(P‖Q)

डावीकडे आहे क्रॉस-एन्ट्रॉपी, म्हणजे आपल्या अंदाजाच्या हिशेबाने प्रत्यक्षात मोजावे लागणारे एकूण बिट. उजवीकडचं पहिलं पद मुळातली अनिश्चितता, दुसरं पद भुर्दंड. भुर्दंड कधीही शून्याखाली जात नाही. शून्य होतो तो फक्त अंदाज खऱ्या प्रमाणांशी तंतोतंत जुळला तर.

मॉडेल शिकतं तेव्हा नेमकं हेच चालू असतं. प्रत्येक प्रवाशासाठी ते एक शक्यता सांगतं. मग प्रत्यक्षात जे घडलं, त्याला त्याने किती शक्यता दिली होती ते पाहून log(1/शक्यता) एवढा दंड लावायचा आणि सगळ्यांची सरासरी काढायची. हा क्रॉस-एन्ट्रॉपी लॉस. मॉडेलसमोर जे रकाने ठेवले आहेत, ते पाहूनही जी अनिश्चितता उरते ती कमी करणं त्याच्या हातात नाही, ती यादीतच आहे. त्याच्या हातात आहे तो फक्त भुर्दंड. म्हणून लॉस खाली आणणं म्हणजे सापेक्ष एन्ट्रॉपी खाली आणणं. आणि म्हणूनच लॉस शून्यावर येत नाही याचा अर्थ मॉडेल वाईट आहे असा होत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. बहुतेक सॉफ्टवेअर बिटांऐवजी नैसर्गिक लॉगरिदम वापरतं. त्यामुळे आपले ०.९६ बिट पडद्यावर ०.६७ च्या आसपास दिसतात. दोन ठिकाणचे आकडे ताडताना आधी एकक पाहावं.

बरोबर, तरीही महाग

हा भुर्दंड किती जिव्हारी लागू शकतो, ते दोन मॉडेलांची तुलना केल्यावर कळतं. दोन्ही मॉडेलं फक्त ‘स्त्री की पुरुष’ एवढंच बघतात. यादीत ३१४ स्त्रिया आहेत, त्यांतल्या २३३ वाचल्या. पुरुष ५७७, त्यांतले १०९ वाचले.

पहिलं मॉडेल यादीतली खरी प्रमाणं सांगतं: स्त्रीसाठी वाचण्याची शक्यता ०.७४, पुरुषासाठी ०.१९. दुसरं मॉडेल जरा जास्तच ठाम आहे. ते म्हणतं, स्त्रीसाठी ०.९५, पुरुषासाठी ०.०५. ‘वाचेल की जाईल’ एवढाच कौल घेतला तर दोघांचं उत्तर एकच: स्त्रिया वाचतील, पुरुष जातील. दोघंही ८९१ पैकी ७०१ वेळा बरोबर. शेकडा ७९ गुण, दोघांनाही.

लॉस मात्र वेगळा. पहिल्याचा ०.७४ बिट, दुसऱ्याचा ०.९८ बिट. म्हणजे दुसरं मॉडेल काहीच माहीत नसलेल्या माणसाच्या ०.९६ पेक्षाही वाईट! असं कशामुळे? बुडालेल्या ८१ स्त्रिया आणि वाचलेले १०९ पुरुष मिळून १९० जणांच्या नशिबाला त्याने फक्त ०.०५ शक्यता दिली होती. अशा प्रत्येकामागे ४.३२ बिट, म्हणजे एकूण सुमारे ८२० बिट दंड. बरोबर सांगितलेल्या ७०१ जणांमागे जेमतेम ५२ बिट. त्या रकान्यातून मिळालेली सगळी कमाई दुसऱ्या मॉडेलने फाजील आत्मविश्वासात घालवली. नुसते गुण पाहणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. बरोबर उत्तरांची टक्केवारी तीच आणि लॉस चढता, असं दिसलं की पहिला संशय याच दुखण्यावर घ्यावा.

टोकाचं उदाहरण पहिल्या वर्गातल्या स्त्रियांचं. या तक्त्यात त्या ९४ आहेत आणि ९१ वाचल्या. गेलेल्या तिघींत दोन वर्षांची लोरेन ॲलिसन, तिची आई आणि ॲन इशम. एखाद्या मॉडेलने ‘पहिल्या वर्गातली स्त्री नक्की वाचणार’ म्हणून शक्यता थेट १ दिली, तर या तिघींपाशी log(1/0) येतं आणि लॉस अनंत होतो. सॉफ्टवेअर अशा वेळी शक्यतेला शून्यापासून जरा लांब अडवून धरतं, नाहीतर पडद्यावर inf उमटतं.

इथेच सापेक्ष एन्ट्रॉपीचा एक स्वभाव दिसतो: ती अंतरासारखी दुतर्फा नसते. खरी प्रमाणं आधी आणि अंदाज नंतर ठेवला तर या उदाहरणात भुर्दंड अनंत. जागांची अदलाबदल केली तर तोच आकडा ०.०५ बिटाच्याही आत. लॉसमध्ये खरी प्रमाणं नेहमी आधी येतात, कारण सरासरी प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींवर काढायची असते. म्हणून या पद्धतीने शिकलेलं मॉडेल घडू शकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला ‘अशक्य’ म्हणायला बिचकतं. ते बिचकणं त्याच्या कामाचंच आहे.

रकान्याची किंमत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. काहीच माहीत नसताना लॉस ०.९६१. ‘स्त्री की पुरुष’ कळल्यावर, प्रमाणं नीट वापरली तर, ०.७४३. मधला फरक ०.२१८ बिट. वाचण्याबद्दल त्या रकान्याने सांगितलेली माहिती एवढी. हीच परस्पर माहिती.

तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं. वाचण्याचा आणि स्त्री असण्याचा काडीचाही संबंध नसता, तर ३१४ स्त्रियांपैकी सरासरीने १२० वाचल्या असत्या. प्रत्यक्षात २३३ वाचल्या. ‘संबंध नाही’ असं धरून केलेला तक्ता आणि खरा तक्ता यांच्यातली सापेक्ष एन्ट्रॉपी काढली, तर उत्तर येतं तेच: ०.२१८. म्हणजे परस्पर माहिती ही काही वेगळी वस्तू नाही. संबंध असूनही तो नाही असं मानून चालणाऱ्याला पडणारा भुर्दंड म्हणजेच परस्पर माहिती.

संबंध खरोखरच नसेल तेव्हाच ती शून्य होते. नेहमीच्या सहसंबंध गुणांकाचं असं नाही. तो सरळ रेषेतला चढउतार पकडतो. लहान मुलं वाचली, तरुण गेले, अशी वळणं त्याच्या हातून निसटू शकतात. परस्पर माहितीला रेषेची गरज नसते.

त्याच रीतीने ‘वर्ग’ तपासू. पहिल्या वर्गातले २१६ पैकी १३६ वाचले, दुसऱ्यातले १८४ पैकी ८७, तिसऱ्यातले ४९१ पैकी ११९. हिशेब केल्यावर ०.०८४ बिट येतात. म्हणजे एकेकटे घेतले तर ‘स्त्री की पुरुष’ हा रकाना ‘वर्गा’च्या अडीचपटींहून जास्त सांगतो. आपल्या ‘किती’चं हे पहिलं उत्तर.

निर्णयवृक्ष नावाची पद्धत याच आकड्यावर चालते. ऑस्ट्रेलियाचे रॉस क्विनलन यांनी तिचं आयडी३ हे रूप घडवलं. सगळ्यात जास्त परस्पर माहिती देणारा रकाना निवडायचा, त्यावरून यादीचे भाग पाडायचे, मग प्रत्येक भागात पुन्हा तेच करायचं.

एकेकटे आणि एकत्र

पण रकाने एकेकटे तोलणं पुरेसं नाही. बंदराचा रकाना घ्या. त्याची परस्पर माहिती ०.०२ बिट येते. थोडी आहे, पण शून्य नाही. फ्रान्समधल्या शेरबूर बंदरात चढलेले निम्म्याहून जास्त वाचले, साउदॅम्प्टनला चढलेले तिघांत एकच. मग काय, शेरबूरच्या पाण्यात काही गुण होता? तसं काही नव्हतं. तिथे चढलेल्या १६८ जणांतले ८५ पहिल्या वर्गाचे होते, साउदॅम्प्टनच्या ६४४ जणांत पहिल्या वर्गाचे फक्त १२७. बंदर बरंचसं वर्गाचंच सांगणं पुन्हा सांगतं. म्हणून विचारायचं ते असं: बाकीचे रकाने माहीत असताना हा नवा रकाना आणखी काय सांगतो?

कधी कधी उत्तर उलटंही येतं. स्त्री-पुरुष आणि वर्ग एकत्र पाहिले तर मिळून ०.३१५ बिट मिळतात, पण दोन्हींची बेरीज होते ०.३०१. एकत्र आल्यावर ते थोडं जास्तच सांगतात. कारण वर्गाचा परिणाम दोन्हीकडे सारखा नाही. पहिल्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या स्त्रिया वाचल्या आणि तिसऱ्या वर्गातल्या १४४ पैकी बरोबर ७२. पुरुषांत मात्र दुसरा आणि तिसरा वर्ग जवळपास सारखेच बुडाले. समोर स्त्री आहे हे कळल्याशिवाय वर्गाची खरी किंमत उमगत नाही. एकेकट्या आकड्यांवरून रकाने गाळणारा अशा जोड्या गमावून बसतो.

नावाचा सापळा

आता सगळ्यात जास्त परस्पर माहिती कोणत्या रकान्यात आहे ते पाहू. उत्तर: प्रवाशाच्या नावात. तक्त्यात प्रत्येक नाव वेगळं. नाव कळलं की त्या ओळीतलं नशीबही कळतं. म्हणून नावाची परस्पर माहिती पूर्ण ०.९६१ बिट, स्त्री-पुरुष रकान्याच्या चौपटीहून जास्त. अर्थातच हे निव्वळ पाठांतर आहे. यादीबाहेरच्या प्रवाशाबद्दल त्यातून काही कळत नाही. वयाचे फार बारीक गट पाडले तरी हाच प्रकार थोड्या प्रमाणात होतो: गट वाढवत नेले की आकडा आपोआप फुगतो.

यावर क्विनलन यांनी तोड काढली. परस्पर माहितीला त्या रकान्याच्या स्वतःच्या एन्ट्रॉपीने भागायचं. नावाची एन्ट्रॉपी ९.८ बिट, म्हणून त्याचा भागाकार ०.०९८ वर उतरतो. स्त्री-पुरुष रकान्याचा ०.२३ येतो आणि तो पुढे जातो. पण ‘वर्गा’चा भागाकार करून पाहा: ०.०५८. नाव अजूनही वर्गाच्या वरच! म्हणजे नुसत्या भागाकारावर विसंबून चालत नाही.

खरी कसोटी साधी आहे. ‘वाचला की नाही’ हा रकाना पत्त्यांसारखा पिसायचा आणि परस्पर माहिती पुन्हा काढायची. पिसल्यावर खरा संबंध उरतच नाही, त्यामुळे जे उरेल तो केवळ योगायोग. असं पुष्कळदा करून सरासरी पाहायची. स्त्री-पुरुष रकान्याची सरासरी ०.००१ च्या आसपास येते, खरा आकडा त्याच्या दोनशेपटींहून मोठा. बंदराची ०.००२ च्या जवळ. म्हणजे बंदराचे ०.०२ बिट छोटे असले तरी खरे आहेत. आणि नावाची? कितीही पिसा, प्रत्येक वेळी ०.९६१. पूर्ण आकडाच योगायोगाचा, खरी कमाई शून्य.

दुसरा सापळा पिसूनही सापडत नाही. याच प्रवाशांचा एक मोठा, १३०९ जणांचा तक्ता आहे. त्यात ‘जीवरक्षक बोटीचा क्रमांक’ असा एक रकाना आहे. तो जवळजवळ फक्त वाचलेल्यांपुढेच भरलेला आहे. परस्पर माहिती प्रचंड, पिसण्याच्या कसोटीलाही उतरते, आणि तरी अंदाजाला कवडीच्या उपयोगाचा नाही. बोट मिळाली हे कळायच्या आधीच तर आपल्याला अंदाज सांगायचा होता! कर्जाच्या, आजाराच्या किंवा पिकाच्या आकडेवारीतही असे रकाने लपलेले असतात: निकाल लागल्यावर भरलेले, पण निकालाचं कारण असल्यासारखे दिसणारे. आकडा संशय येण्याइतका मोठा असेल, तर तो रकाना कोणी आणि कधी भरला ते आधी विचारावं.

परस्पर माहितीची मर्यादाही इथेच दिसते. दोन गोष्टी एकमेकींबद्दल किती सांगतात ते ती मोजते, कोणी कोणाला घडवलं ते नाही. हिशेब दोन्ही दिशांनी सारखाच येतो.

म्हणून कुणी ‘महत्त्वाच्या फीचर्स’ची यादी पुढे केली की वाचकांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. निकाल पिसल्यावर यातलं किती उरतं? बाकीचे रकाने हाताशी असताना हा रकाना वेगळं काय सांगतो? आणि अंदाज करायच्या क्षणी ही माहिती आपल्याकडे असणार आहे का? या तिन्हींची उत्तरं नसतील, तर ती यादी नुसती उतरत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांची समजावी, मग आकडे कितीही मोठे असोत.